गुडघा आणि खांदा: आधी पाणी पाहावे, मग स्टिरॉइड ठरवावे

चवथीला चार दिवस उरले असताना फोंडा तालुक्यातील ६४ वर्षांच्या एका बाईंना त्यांचा मुलगा खुर्चीतून उचलूनच माझ्या दवाखान्यात घेऊन आला. माटोळीच्या तयारीसाठी दोन दिवस उकिडवे बसून घर धुण्यात गेले होते, तिसऱ्या दिवशी सकाळी उजवा गुडघा फुगला आणि पाय टेकवेना. अंगात १०० अंश फॅरनहाइट ताप होता, मधुमेह बारा वर्षांचा, आणि शेवटचे एचबीएवनसी ८.२ होते. मुलाची विनंती सरळ होती. "डॉक्टर, गेल्या वर्षी शेजारच्या काकांना दिलेत तसे इंजेक्शन आईला द्या, म्हणजे चवथीला ती उभी राहील." बाईंनी त्यात स्वतःची भर घातली की उजवा खांदाही तीन महिन्यांपासून धरलेला आहे, तेव्हा सुई टोचतच आहात तर दोन्हीकडे टोचा.

हा लेख त्या एका रुग्णाच्या गुडघ्याभोवती आणि नंतर खांद्याभोवती मांडला आहे. सामान्य व्यवसाय करणारे डॉक्टर, नव्याने अस्थिरोग विभागात आलेले विद्यार्थी आणि परिचारिका हा त्याचा वाचकवर्ग मी धरला आहे. ज्यांनी ही क्रिया कधी केलेली नाही त्यांनी ती वाचून करायची नसते, अनुभवी हाताखाली करायची असते. परंतु सुई कुठे टोचायची यापेक्षा ती टोचल्यावर काय भरायचे आणि काय भरायचे नाही, हा निर्णय जास्त वेळा चुकतो आणि तो वाचून सुधारता येतो. सांध्यातील पाणी काढणे आणि सांध्यात स्टिरॉइड देणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. त्या एकाच सुईतून होतात, एवढ्यावरून त्या एकच समजल्या जातात.

सुई हातात घेण्यापूर्वी

एकच सांधा अचानक सुजला, तापला आणि हलवता येईना, तर जंतुसंसर्ग नाही असे सिद्ध होईपर्यंत तो आहेच असे धरावे. मधुमेह, ताप आणि उतारवय या तिन्ही गोष्टी या बाईंच्या बाबतीत होत्या, त्यामुळे पाणी तपासल्याशिवाय स्टिरॉइड देण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात, २६.४ टक्के आढळले. माझ्या दवाखान्यात सुजलेला गुडघा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी साखर विचारतो, त्याचे कारण हेच.

सुई न टोचण्याची कारणे थोडी पण ठाम आहेत. टोचण्याच्या जागेवरील कातडीत जंतुसंसर्ग किंवा जखम असेल, तर त्या वाटेने जाऊ नये, दुसरी निरोगी वाट शोधावी. गुडघा कृत्रिम बसवलेला असेल तर दवाखान्यात हात लावू नये, ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडे पाठवावे. तीन महिन्यांच्या आत सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली असेल तर स्टिरॉइड देऊ नये, कारण त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या संसर्गाचा धोका वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र बहुतेक वेळा थांबवाव्या लागत नाहीत. वॉरफरिन घेणाऱ्याचा आयएनआर ३ च्या आत असेल तर मी बारीक सुई वापरतो आणि नंतर पाच मिनिटे दाबून धरतो. एचआयव्हीवरील औषधांत रिटोनाविर आहे का हे जरूर विचारावे. त्या औषधामुळे ट्रायअ‍ॅमसिनोलोन शरीरात साठून राहते आणि एका इंजेक्शनातूनही कुशिंग विकाराची लक्षणे उमटू शकतात.

आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ओल्या कपड्यांमुळे मांडीपर्यंत चढलेला नायटा, खाजवून झालेले ओरखडे आणि गुडघ्यावर दोन दिवस बांधून ठेवलेला पाल्याचा लेप, हे सगळे पट्टी सोडल्याशिवाय दिसत नाही. या बाईंच्या गुडघ्यावर खोबरेल तेल जिरवलेले होते. तेलकट कातडीवर जंतुनाशक नीट बसत नाही, तेव्हा प्रथम साबण आणि पाण्याने गुडघा धुऊन घ्यावा, स्वच्छ कापडाने कोरडा करावा आणि मगच पुढे जावे. केस आड येत असतील तर कात्रीने कापावेत, वस्तऱ्याने काढू नयेत, कारण वस्तऱ्याचे बारीक ओरखडे जंतूंना जागा देतात.

निर्जंतुकतेचा क्रम

संसर्ग टाळण्याचे काम महागड्या सामानापेक्षा क्रमावर अवलंबून असते. प्रथम खुणेची जागा चाचपून ठरवावी आणि सुईचे प्लॅस्टिकचे टोपण किंवा पेनाची मागची बाजू कातडीवर दाबून तिथे खळगा उमटवावा. शाईची खूण जंतुनाशकाने पुसली जाते, खळगा काही मिनिटे टिकतो. त्यानंतर अल्कोहोलमधील २ टक्के क्लोरहेक्सिडीन लावून किमान तीस सेकंद चोळावे आणि ते पूर्ण सुकू द्यावे. पोव्हिडोन आयोडीन वापरत असाल तर ते सुकायला दोन-तीन मिनिटे लागतात, आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्याहून जास्त. ओले असताना गॉझने पुसून लगेच सुई टोचणे ही मला सर्वांत जास्त वेळा दिसलेली चूक आहे. जंतुनाशक सुकेपर्यंतच काम करत असते, त्यामुळे पुसले की ते लावलेच नाही असा हिशेब होतो.

एकदा जागा तयार झाली की ती पुन्हा बोटाने चाचपू नये. चाचपावीच लागणार असेल तर निर्जंतुक हातमोजे घालावेत, नसेल तर स्वच्छ हातमोजे चालतात. तोंडावर मास्क असावा, कारण आपण रुग्णाशी बोलत असतो आणि तोंडातले जंतू सुईवर पडायला तेवढे पुरते. औषध बाटलीतून ओढण्याची सुई आणि सांध्यात घालायची सुई वेगवेगळ्या असाव्यात. बाटलीच्या रबरी बुचावर स्पिरिटचा बोळा फिरवून ते सुकू द्यावे. लिग्नोकेनची तीस मिलिलिटरची बाटली अनेक रुग्णांसाठी आठवडाभर वापरण्याची आपल्याकडे सवय आहे. सांध्यासाठी तरी ती सोडून द्यावी आणि एकदाच वापरायची कुपी फोडावी. त्यात दुसराही फायदा आहे. मोठ्या बाटलीतील टिकाऊपणासाठी घातलेल्या पॅराबेनमुळे स्टिरॉइडचे कण एकत्र येऊन त्याच्या गुठळ्या होऊ शकतात.

गुडघ्याची वाट

रुग्णाला उताणे झोपवावे आणि गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघा पंधरा-वीस अंश वाकवावा. मांडीचा स्नायू सैल आहे की नाही हे पाहण्याची सोपी रीत अशी की वाटी अंगठा आणि तर्जनीत धरून डावी-उजवीकडे सरकवावी. ती सहज हलली तर स्नायू सैल आहे, घट्ट बसलेली असेल तर रुग्ण घाबरलेला आहे आणि सुईला जागा मिळणार नाही. अशा वेळी दोन मिनिटे गप्पा माराव्यात, घाई करू नये. या बाईंशी मी माटोळीला यंदा कुठली फळे मिळाली यावर बोललो.

मी बाहेरच्या वरच्या कोपऱ्याची वाट वापरतो. वाटीची वरची कड आणि बाहेरची कड जिथे मिळतात तो कोपरा बोटाने शोधावा आणि तिथून साधारण एक सेंटिमीटर वर आणि एक सेंटिमीटर बाहेर जावे. तिथे एक मऊ जागा लागते. पाणी भरपूर असेल तर ती फुगलेलीच असते. सुई टेबलाशी जवळजवळ समांतर ठेवून वाटीच्या मागच्या पृष्ठभागाखाली, आतल्या बाजूकडे आणि किंचित पायाच्या दिशेने न्यावी. साधारण दोन ते तीन सेंटिमीटरवर कापड फाटल्यासारखा एक हलका सैलपणा हाताला जाणवतो आणि सिरिंजमध्ये पाणी येते.

पुढून, म्हणजे वाटीच्या खालच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांतून जाणारी वाट अनेकांच्या हातात बसलेली असते. गुडघ्यात पाणी नसताना दिलेल्या २४० इंजेक्शनांवर २००२ साली झालेल्या एका अभ्यासात वाटीच्या बाहेरच्या कडेने घातलेली सुई ९३ टक्के वेळा सांध्यात पोहोचली, तर पुढच्या दोन वाटांचे प्रमाण ७५ आणि ७१ टक्के होते. पुढच्या वाटेत वाटीखालची चरबीची गादी आडवी येते, तिथे औषध अडकते आणि पाणी काढताना सुईचे तोंड तीच बुजवते. ज्यांचा गुडघा सरळच होत नाही त्यांच्यासाठी ती वाट राखून ठेवावी.

भूल म्हणून २५ नंबरच्या सुईने १ टक्का लिग्नोकेन दोन मिलिलिटर कातडीत आणि वाटेवर द्यावे, पण सांध्यात जाऊ देऊ नये, कारण लिग्नोकेन जंतूंची वाढ रोखते आणि कल्चर फसू शकते. पाणी काढायला १८ नंबरची दीड इंची सुई आणि २० मिलिलिटरची सिरिंज घ्यावी. सुई आत शिरताना सिरिंजचा दट्ट्या किंचित ओढलेला असावा, म्हणजे सांध्यात पोहोचताच कळते. दुसऱ्या हाताने वाटीच्या वरचा फुगवटा खाली दाबून पाणी सुईकडे ढकलावे. सिरिंज भरली की सुईचा मागचा भाग आर्टरी फोर्सेप्सने पकडून ठेवावा आणि फक्त सिरिंज बदलावी. सुई हलली तर कूर्चेला ओरखडा पडतो आणि रुग्णाला तो लगेच कळतो.

पाणी येईनासे झाले तर जोर लावू नये. बहुतेक वेळा सांध्याच्या अस्तराचा पापुद्रा सुईच्या तोंडावर चिकटलेला असतो. अर्धा मिलिलिटर पाणी परत आत ढकलावे, सुई दोन मिलिमीटर मागे घ्यावी किंवा तिचे तोंड फिरवावे. तरीही काही आले नाही तर तीन शक्यता उरतात: पाणी फार घट्ट आहे, त्यात गुठळ्या आहेत, किंवा मुळात ते सांध्यात नसून वाटीपुढच्या पिशवीत आहे. शेवटची शक्यता आधी नीट तपासली असती तर सुई टोचलीच नसती. वाटीच्या समोर, बोटाखाली लिबलिबणारा फुगवटा म्हणजे पुढची पिशवी, आणि तिच्यातून सांध्यात सुई नेणे म्हणजे तिथला संसर्ग आत नेणे.

पाण्याने काय सांगितले

बाईंच्या गुडघ्यातून ४२ मिलिलिटर पाणी निघाले. मी सिरिंज छापील कागदापुढे धरून पाहिली आणि अक्षरे वाचता आली नाहीत. निरोगी किंवा केवळ झिजलेल्या गुडघ्याचे पाणी पिवळसर आणि इतके स्वच्छ असते की पलीकडची अक्षरे दिसतात, आणि बोटाने ओढले तर त्याची मधासारखी लांब तार निघते. इथे तार तुटत होती. सूज आहे हे नक्की, पण ती जंतूंची की स्फटिकांची हे डोळ्याने ओळखता येत नाही. पू दिसला नाही म्हणून जंतू नाहीत असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

पाण्यात रक्त आले असते तर वेगळा विचार लागला असता. रक्त शेवटी आले तर ते बहुधा सुईचेच असते, तिथे थांबावे. पहिल्यापासून लाल असेल आणि भांड्यात ठेवल्यावर वर चरबीचे थेंब तरंगले, तर सांध्यात शिरणारे हाडाचे फ्रॅक्चर आहे. एक्स-रेमध्ये ते दिसले नाही तरी सीटी करून शोधावे.

नमुना तीन ठिकाणी गेला. पेशींच्या मोजणीसाठी जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत, कल्चरसाठी रक्ताच्या कल्चरच्या बाटलीत आणि ग्रॅम रंगासाठी व स्फटिकांसाठी निर्जंतुक भांड्यात. आमच्या भागात प्रयोगशाळा दुपारी एक ते चार बंद असते हे मी मुद्दाम सांगतो, कारण तीन तास टेबलावर पडलेल्या नमुन्यात पेशींची संख्या कमी होते आणि जंतुसंसर्ग साध्या सुजेसारखा दिसू लागतो. त्यामुळे अशी क्रिया मी सकाळी करतो. दुपारी करावी लागली तर प्रयोगशाळेला आधी फोन करतो.

अहवाल आला तो असा: पेशी २८,०००, त्यांतील ८८ टक्के न्यूट्रोफिल, ग्रॅम रंगात जंतू दिसले नाहीत, आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बुटक्या, तिरप्या चौकोनासारख्या स्फटिकांची नोंद. हे कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक, म्हणजे ज्याला आपण खोटा गाऊट म्हणतो तो आजार. युरिक आम्लाचे स्फटिक सुईसारखे लांब असतात. एक्स-रेमध्ये मेनिस्कसच्या जागी बारीक पांढरी रेघ दिसत होती, तीही याला जुळणारी.

मुलाला वाटले, निदान झाले, आता इंजेक्शन द्या. मी दिले नाही, आणि या लेखातील सर्वांत महत्त्वाची जागा मला हीच वाटते. २,००० पर्यंत पेशी म्हणजे झीज, २,००० ते ५०,००० म्हणजे सूज, ५०,००० च्या वर म्हणजे बहुधा जंतू, अशी पायरी पुस्तकात असते आणि ती उपयोगी आहे, पण तिच्या कडा धूसर आहेत. सुरुवातीच्या काळात किंवा मधुमेही रुग्णात २८,००० पेशींमागेही जंतू असू शकतात. ग्रॅम रंग अनेक खऱ्या संसर्गांत रिकामा येतो. स्फटिक आणि जंतू एकाच सांध्यात एकत्र राहू शकतात, इतकेच नव्हे तर संसर्गामुळे स्फटिक कूर्चेतून सुटून पाण्यात येतात. अशा गुडघ्यात स्टिरॉइड दिले तर दोन दिवस दुखणे कमी होते, रुग्ण घरी जातो, आणि आत जंतू कूर्चा खात राहतात.

म्हणून त्यांना दोन रात्री दाखल करून घेतले. सीआरपी केले, दर सहा तासांनी ताप पाहिला, मूत्रपिंडाचा अहवाल ठीक असल्यामुळे कोल्चिसीन ०.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिले आणि गुडघ्यावर बर्फ ठेवला. प्रतिजैविक दिले नाही. प्रकृती जरा जरी बिघडली असती तर त्याच रात्री बांबोळीला पाठवायची तयारी होती, कारण सांधा धुण्याची सोय तिथे आहे आणि संसर्ग झालेला गुडघा सकाळपर्यंत थांबत नाही. प्रत्यक्षात नुसते पाणी काढल्यानेच त्यांना पहिल्या रात्री झोप लागली. ४८ तासांनी कल्चर रिकामे आले, ताप उतरला होता, सीआरपी निम्म्याखाली आले होते. तिसऱ्या दिवशी पुन्हा सुई घातली तेव्हा १२ मिलिलिटर बरेच स्वच्छ पाणी निघाले, आणि त्याच सुईतून ट्रायअ‍ॅमसिनोलोन ४० मिलिग्रॅम व १ टक्का लिग्नोकेन तीन मिलिलिटर आत गेले.

औषध जाताना हाताला विरोध जाणवू नये. दट्ट्या जड लागला तर सुई सांध्यात नाही, ती कंडऱ्यात किंवा मांसात आहे, तेव्हा थांबून तिची जागा बदलावी. सुई काढण्यापूर्वी अर्धा मिलिलिटर लिग्नोकेन तिच्यातून पुढे सारावे, म्हणजे बाहेर येताना स्टिरॉइडची रेघ कातडीखाली सांडत नाही. ही खबरदारी मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. उमेदवारीच्या काळात एका सडपातळ मुलीच्या गुडघ्यात दिलेले औषध थोडे कातडीखाली सांडले आणि दोन महिन्यांनी तिथे रुपयाएवढा पांढरा, खोलगट डाग उमटला. तो कोड आहे की काय या भीतीने तिच्या घरच्यांनी वर्षभर वैद्य पालथे घातले. सावळ्या कातडीवर हा डाग अधिक उठून दिसतो आणि भरून यायला अनेक महिने लागतात, तेव्हा त्याची कल्पना आधीच द्यावी.

साखर

सांध्यात दिलेले स्टिरॉइड रक्तात उतरते. मधुमेही रुग्णाची साखर बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन दिवसांत चढते आणि आठवड्याच्या आत पूर्ववत होते. या बाईंची जेवणानंतरची साखर दुसऱ्या दिवशी ३१२ झाली आणि पाचव्या दिवशी नेहमीच्या पातळीवर आली. त्यांना आधीच सांगितले होते की आठवडाभर दिवसातून दोनदा साखर पाहायची, ३५० च्या वर गेली तर फोन करायचा, आणि गोळ्यांची मात्रा स्वतःच्या मनाने वाढवायची नाही, कारण स्टिरॉइडचा जोर ओसरला की वाढवलेल्या गोळीने साखर पहाटे खाली जाते. चवथीच्या नेवऱ्यांबद्दल बोलणे भाग होते. त्या खाऊ नका असे मी म्हणालो नाही, पण दोनच, असे म्हणालो.

याच कारणाने खांद्याचे इंजेक्शन त्या दिवशी दिले नाही. ८० मिलिग्रॅम एकदम दिल्यावर साखर किती चढेल हे सांगता आले नसते, आणि तीन दिवसांपूर्वी जिच्या गुडघ्यात जंतूंची शंका होती तिच्या दुसऱ्या सांध्यात त्याच आठवड्यात सुई घालणे मला पटले नाही.

खांदा, पाच आठवड्यांनंतर

खांदा दुखतो म्हणून प्रत्येकाला सारखे इंजेक्शन नसते. हात वर नेताना ६० ते १२० अंशांच्या मधेच दुखत असेल पण आपण धरून हात फिरवला तर तो पूर्ण फिरत असेल, तर दुखणे अ‍ॅक्रोमियनच्या हाडाखालच्या पिशवीत आहे. उलट आपण फिरवतानाही हात अडकत असेल, विशेषतः कोपर अंगाला लावून हात बाहेर फिरवता येत नसेल, तर खांदा गोठलेला आहे आणि औषध खऱ्या सांध्यात जायला हवे. या बाईंचा हात बाहेर दहा अंशांहून जास्त फिरत नव्हता. एक्स-रे साधा होता. मधुमेहात असा गोठलेला खांदा वारंवार दिसतो.

रुग्णाला स्टुलावर बसवून हात मांडीवर ठेवायला सांगावे आणि आपण मागे उभे राहावे. खांद्याच्या मागच्या बाजूने बोट पाठीच्या हाडाच्या कण्यावरून बाहेर सरकवले की एक टोकदार कोपरा लागतो. तो अ‍ॅक्रोमियनचा मागचा बाहेरचा कोपरा. तिथून दोन सेंटिमीटर खाली आणि एक सेंटिमीटर आत एक मऊ जागा असते. अंगठा त्या कोपऱ्यावर ठेवावा आणि त्याच हाताची तर्जनी पुढून कोरॅकॉइडच्या उंचवट्यावर, म्हणजे गळपट्टीच्या हाडाच्या बाहेरच्या भागाखाली लागणाऱ्या टणक गाठीवर ठेवावी. मागून सुई त्या तर्जनीकडे रोखली की ती सांध्यात जाते. २१ नंबरची दीड इंची सुई बहुतेकांना पुरते, जाड अंगाच्या व्यक्तीला लांब स्पायनल सुई लागते.

मागची वाट मी निवडतो कारण मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसांचे जाळे पुढे असते. तरीही खुणेपासून फार खाली गेलो तर काखेची नस आणि फार आत गेलो तर खांद्याच्या फऱ्यावरची नस जवळ येते, म्हणून खुणा सोडू नयेत. सुई टणक पण गुळगुळीत जागी टेकली तर ती खांद्याच्या गोळ्याची कूर्चा आहे. एक-दोन मिलिमीटर मागे घ्यावी, दट्ट्या ओढून रक्त येत नाही हे पाहावे आणि मग औषध द्यावे. अ‍ॅक्रोमियनखालच्या पिशवीसाठी याच कोपऱ्याच्या लगेच खालून, हाडाच्या पोटाला समांतर आणि किंचित वर जावे लागते.

गोठलेल्या खांद्यात जागा थोडी असते, त्यामुळे एकूण पाच मिलिलिटरपेक्षा जास्त भरू नये. या बाईंना ट्रायअ‍ॅमसिनोलोन ४० मिलिग्रॅम आणि १ टक्का लिग्नोकेन चार मिलिलिटर दिले. अशा खांद्यात शेवटी थोडा विरोध जाणवतो, तो स्वाभाविक आहे, पण सुरुवातीपासून दट्ट्या अडत असेल तर सुई कंडऱ्यात आहे. कंडऱ्यात दिलेले स्टिरॉइड तिला कमकुवत करते आणि ती पुढे तुटू शकते. अल्ट्रासाउंड यंत्र आणि ते वापरायची सवय असेल तर खांद्यासाठी ते जरूर वापरावे. खुणांवर विसंबून दिलेले इंजेक्शन खांद्यात गुडघ्यापेक्षा जास्त वेळा चुकते, हे मी स्वतःपासून लपवत नाही. क्रियेनंतर वीस मिनिटे रुग्णाला बसवून ठेवावे. चक्कर येणे वारंवार घडते, अंगावर गांधी उठणे क्वचित, पण अ‍ॅड्रेनालिन हाताशी असल्याशिवाय सुई उघडू नये.

रात्रीचा फोन

त्या रात्री साडेदहाला मुलाचा फोन आला. खांदा आधीपेक्षा जास्त दुखत होता. इंजेक्शन देऊन दहा तास झाले होते. स्टिरॉइडच्या कणांमुळे काही रुग्णांत अशी तात्पुरती सूज येते. ती काही तासांत सुरू होते आणि दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरते. जंतुसंसर्ग बहुतेक वेळा त्यानंतर डोके वर काढतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दुखणे वाढत जाते, ताप येतो, सांधा गरम लागतो आणि जराही हलवता येत नाही. हजारो इंजेक्शनांमागे एखाद्याला तो होतो. पण रुग्ण मधुमेही असेल तर मी "बघू उद्या" असे म्हणत नाही.

मी तीन गोष्टी विचारल्या: ताप किती, खांदा लाल दिसतो का, आणि हात थोडा तरी हलतो का. ताप नव्हता, लाली नव्हती, हात हलत होता. बर्फ ठेवायला आणि पॅरासिटामॉल द्यायला सांगितले, आणि उद्या दुपारपर्यंत दुखणे उतरणीला लागले नाही किंवा ताप आला तर सरळ या, प्रतिजैविकाची गोळी घरी सुरू करू नका, कारण मग पाण्यात जंतू सापडणार नाहीत, हे दोनदा बजावले. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई स्वतः बोलल्या. दुखणे निम्मे होते. दोन आठवड्यांनी त्या रात्री त्या कुशीवर झोपू लागल्या, आणि हात फिरायला लागला तो तीन महिने भिंतीवर बोटे चढवण्याच्या व्यायामानंतर.

मधल्या काळात त्या गुडघ्याला पुन्हा इंजेक्शन मागायला आल्या होत्या, "थोडे कुरकुरते" म्हणून. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत झिजलेल्या गुडघ्याच्या १४० रुग्णांना दोन वर्षे दर बारा आठवड्यांनी ट्रायअ‍ॅमसिनोलोन ४० मिलिग्रॅम किंवा नुसते सलाइन दिले गेले. स्टिरॉइड मिळालेल्यांची कूर्चा जास्त झिजली आणि दुखण्यात सलाइनपेक्षा फरक पडला नाही. म्हणून एका सांध्यात तीन महिन्यांच्या आत दुसरे इंजेक्शन मी देत नाही, आणि तारीख बघून ठरावीक वेळाने तर कधीच नाही. त्यांच्या कागदावर दोन्ही इंजेक्शनांची तारीख, औषधाचे नाव, मात्रा, बॅच नंबर आणि कुठल्या बाजूने सुई घातली ते लिहिलेले आहे. गुडघ्यात त्या दिवशी पाणी नव्हते, म्हणून सुई काढलीच नाही.